नळीतून पहिला घास किती मोठा?

पारनेर तालुक्यातला ५८ वर्षांचा शेतकरी. उंची १६३ सेंटिमीटर. दिवाळीला वजन ५२ किलो होतं. त्यानंतर आधी भाकरी घशाखाली उतरेना, मग मऊ भात अडकू लागला आणि शेवटी पातळ खिचडीही. अन्ननलिकेत गाठ असल्याचं निदान होईपर्यंत तीन महिने गेले. शहरातल्या रुग्णालयात आणलं तेव्हा काट्यावर ४० किलो भरले आणि आधीचे बारा दिवस तो निव्वळ पाणी आणि चार-दोन घोट चहावर होता. (हा रुग्ण वॉर्डात नेहमी दिसणाऱ्या रुग्णांवरून रचलेला आहे, पण त्याच्या बाबतीत जे घडतं ते कुठल्याही कर्करोग विभागात पाहायला मिळतं.)

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या मदतीने गाठीच्या पलीकडे, नाकातून जठरात नळी गेली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण सिस्टरने पंपावर ताशी २० मिलिलिटर असा आकडा लावला तसा मुलगा पुढे आला. ‘‘सिस्टर, एवढंच? बाबा बारा दिवसांचे उपाशी आहेत हो.’’

मुलाचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. उपाशी माणसाला पोटभर वाढावं, ही आपली रीत आहे. पण नेमकं बारा दिवस उपाशी असल्यामुळेच पहिले काही दिवस त्याला पोटभर देणं जिवावर बेतू शकतं. नळीने किंवा शिरेतून अन्न देण्याची वेळ येते तेव्हा घरच्यांनी दोन प्रश्न धरून ठेवले, तर पुढचं बरंचसं समजतं. पहिला: अडथळा कुठे आहे आणि त्याच्या पलीकडचं आतडं चालू आहे का? यावरून अन्नाची वाट ठरते. दुसरा: माणूस किती दिवस उपाशी आहे? यावरून वेग ठरतो.

आधी वाटेबद्दल. या शेतकऱ्याचा अडथळा अन्ननलिकेत आहे. खालचं जठर, लहान आतडं, मोठं आतडं सगळं शाबूत आहे. दार बंद असलं तरी घर नीट आहे. अशा वेळी नळीने अन्न थेट जठरात पोचवायचं आणि पचन-शोषण शरीरावर सोपवायचं. पक्षाघातानंतर गिळता न येणारे, बेशुद्ध असलेले, व्हेंटिलेटरवरचे, तोंडा-घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण याच गटात येतात. जठर नीट रिकामं होत नसेल तर नळी आणखी पुढे, लहान आतड्यापर्यंत नेता येते. नळीची गरज चार ते सहा आठवड्यांपलीकडे जाणार असेल तर नाकाऐवजी पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवतात. तिला पेग म्हणतात. मात्र अन्ननलिकेच्या गाठीची शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जन पेग टाळतात, कारण अन्ननलिका काढल्यावर तिच्या जागी बहुधा जठरच वर ओढून घ्यायचं असतं. अशा रुग्णांच्या लहान आतड्यात नळी बसवणं त्यांना सोयीचं पडतं.

आता दुसरी रुग्ण घेऊ. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन आतडं काळं पडलं आणि शस्त्रक्रियेनंतर तिच्याकडे लहान आतडं जेमतेम ६० सेंटिमीटर उरलं. मोठ्या माणसाचं लहान आतडं कित्येक मीटर लांब असतं. तिच्या जठरात कितीही उत्तम अन्न सोडलं तरी ते शोषायला पुरेशी जागाच नाही. आतडं पूर्ण अडलेलं असणं, शस्त्रक्रियेनंतर ते बरेच दिवस निपचित पडून राहणं, आतड्याला भोक पडून खाल्लेलं सगळं त्वचेवाटे बाहेर येणं, या परिस्थितीही तशाच. तिथे शिरेतून पोषण द्यावं लागतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये स्टॅनली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतल्या पोषणावर वाढवून दाखवली आणि त्यानंतर ही पद्धत माणसांसाठी वापरात आली. आतड्यावाचून जगणं तोपर्यंत जवळपास अशक्य होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आपल्याकडे गावोगाव आहे. ‘अशक्तपणा आलाय, दोन सलाईन लावा’ असं म्हणतात ते सलाईन म्हणजे शिरेतून पोषण नव्हे. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे १७० कॅलरी. पन्नासेक ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण तेवढ्याच मिळतात, आणि भाकरीतली प्रथिनं बाटलीत नसतात. खऱ्या शिरेतल्या पोषणाची पिशवी वेगळी असते. तिच्या तीन कप्प्यांत ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि दुधासारखं पांढरं मेदद्रव्य असतं. ते मिसळून जीवनसत्त्वं आणि क्षार घालून ती लावतात. हे द्रावण इतकं दाट असतं की हाताच्या बारीक शिरेला ते सोसत नाही. म्हणून मान, छाती किंवा दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नळी न्यावी लागते.

त्या मोठ्या नळीमुळेच या पद्धतीचा सगळ्यात वाईट धोका येतो, तो म्हणजे जंतुसंसर्ग. साखर आणि मेद मिळालेल्या जंतूंना थेट रक्ताचा रस्ता मोकळा होतो. पिशवी चालू असताना थंडी वाजून ताप आला, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत संशय नळीवरच घ्यायचा असतो. रक्तातली साखर चढणं, नळीभोवती गुठळी होणं आणि महिनोन्‌महिने चालल्यास यकृताला त्रास होणं, हे पुढचे धोके. खर्चही मोठा असतो. त्यामुळे आतडं चालू असेल तर नळी, चालत नसेल किंवा पुरत नसेल तरच शीर, हा क्रम बहुतेक ठिकाणी पाळतात. हा क्रम डोळे झाकून पाळू नये, हेही खरं. रक्तदाब अतिशय ढासळलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लवकर नळीने अन्न दिलेल्या गटाचे मृत्यू शिरेतून दिलेल्या गटापेक्षा कमी झाले नाहीत. उलट आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रकार नळीच्या गटात जास्त दिसले. शॉकमधल्या माणसाच्या आतड्यावर त्या क्षणी पचनाचं ओझं टाकू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

शेतकऱ्याचा रस्ता ठरला: नाकातून नळी. आता वेग.

अन्न बंद झालं की शरीर आधी साखरेचा साठा संपवतं आणि मग चरबी जाळू लागतं. रक्तातलं इन्सुलिन खाली जातं. पेशींमधलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हळूहळू कमी होत जातं. पण रक्तातली पातळी टिकवायला पेशी आपल्याकडचा साठा रक्तात सोडत राहतात, म्हणून रक्ताचा रिपोर्ट बऱ्याचदा चांगला येतो. घरातली कोठी रिकामी होत असताना ओसरीवरचं टोपलं भरलेलं दिसावं, तसं. या शेतकऱ्याचं पहिल्या दिवसाचं फॉस्फरस ३.० होतं. नेहमीची पातळी साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते, म्हणजे रिपोर्टवर लाल खूण नाही.

मग अचानक भरपूर साखर मिळते. इन्सुलिन उसळतं आणि पेशींचं दार उघडतं. साखर आत शिरते आणि तिच्याबरोबर फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमही आत ओढलं जातं. त्या साखरेतून ऊर्जा काढायला पेशीला फॉस्फरस लागतं आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही लागतं. उपाशी माणसाकडे दोन्हीचा तुटवडा असतो. काही तासांत, बहुधा दोन ते पाच दिवसांत, रक्तातल्या पातळ्या कोसळतात. फॉस्फरसअभावी श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचं बळ कमी होतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटल्याने ठोके चुकू लागतात. थायमिन संपलं तर गोंधळलेपण येतं, तोल जातो, डोळे नीट हलत नाहीत. इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं, त्यामुळे पाय सुजतात आणि आधीच दुबळ्या हृदयावर पाण्याचा भार पडतो. या सगळ्याला डॉक्टर रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

हे युद्धाने शिकवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांपैकी काही जण अन्न मिळाल्यानंतरच दगावत, ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली. १९४५च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्याने बर्गन-बेल्सनची छावणी ताब्यात घेतली तेव्हा तिथे १९४३च्या बंगालच्या दुष्काळासाठी बनवलेलं दूधभुकटी, पीठ आणि साखरेचं मिश्रण नेण्यात आलं. अनेकांना ते इतकं गोड लागलं की घेववेना. तिथले मृत्यू रोगांनी, टायफसने आणि उपासमारीनेही झाले, त्यातले किती अन्नामुळे ते वेगळं काढता येत नाही. पुढे १९८१ साली अमेरिकेतल्या वाइन्सिअर आणि क्रमडीक या डॉक्टरांनी दोन अतिकृश रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना शिरेतून भरभरून पोषण दिलं गेलं आणि दोघंही गेले. कारण तेच होतं. शिरेतून साखर थेट रक्तात उतरते, आतड्याचा धीमेपणा मध्ये येत नाही. म्हणून तिथे चूक लवकर महाग पडते.

आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत अतिकुपोषित बाळांना आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध देतात आणि मग एफ-१०० देतात. त्यामागेही हाच विचार आहे. आकडा १०० मिलिलिटरमधल्या कॅलरी सांगतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन वाढवायचा प्रयत्न करायचा नसतो, त्याला सावरायचं असतं.

धोका कोणाला? ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००६च्या मार्गदर्शिकेत सोप्या खुणा आहेत. बीएमआय १६च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत वजनात १५ टक्क्यांहून जास्त घट, दहा दिवसांहून अधिक काळ अन्न जवळजवळ नाही, किंवा अन्न सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम कमी, यांपैकी एक जरी असेल तरी धोका मोठा. काही सौम्य खुणांपैकी दोन एकत्र आल्या तरीही तो मोठाच मानतात. आपल्या शेतकऱ्याचा बीएमआय १५, वजन २३ टक्के घटलेलं, उपास बारा दिवसांचा. तीन खुणा त्याच्याकडे आधीच होत्या. दारूचं व्यसन, मधुमेहासाठी इन्सुलिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा केमोथेरपी चालू असेल तर घरच्यांनी ते स्वतःहून सांगावं. हे विचारायचं राहून जातं.

अशा रुग्णाला पहिल्या दिवशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरी द्याव्यात, असं ही मार्गदर्शिका सांगते. बीएमआय १४च्या खाली असेल किंवा उपास १५ दिवसांहून जास्त झाला असेल तर पाच कॅलरी. ४० गुणिले १० म्हणजे ४००. एका मिलिलिटरला एक कॅलरी देणाऱ्या अन्नाचे ४०० मिलिलिटर, वीस तासांत. म्हणून ताशी २०. मुलाला जो आकडा अपमानकारक वाटला त्याचा हिशेब हा आहे. अन्न सुरू करण्यापूर्वी थायमिनचं इंजेक्शन दिलं गेलं. रक्त तपासून पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियमची पूर्ती सुरू झाली. त्यासाठी अन्न थांबवून ठेवायची गरज नसते, दोन्ही बरोबर चालतं. गावच्या दवाखान्यातून आदल्या दिवशी लागलेलं डेक्स्ट्रोजचं सलाईन मात्र बंद केलं गेलं. बाटलीतल्या १७० कॅलरी ४००च्या बाहेर पडल्या असत्या, आणि थायमिनशिवाय साखर देणं नको होतं.

दुसऱ्या दिवशी ६००. तिसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्याने ४१.२ दाखवलं आणि बायकोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. हे हसू पाहून सांगायला जड जातं, पण ते वजन अन्नाचं नव्हतं. दोन दिवसांत त्याला मिळून हजार कॅलरी मिळाल्या होत्या, आणि शरीराचं एक किलो वाढायला साधारण साडेसात हजार लागतात. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडत होता. ते पाणी होतं. त्याच सकाळी फॉस्फरस ३.० वरून १.६वर आलेलं, म्हणजे जवळजवळ निम्मं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची २०२० सालची व्याख्या पाच दिवसांत ३० टक्क्यांहून जास्त घसरण झाली तर ती गंभीर मानते. पोटॅशियम ३.१ होतं. रुग्ण बोलत होता, धाप नव्हती, पण नाडी वेगाने चालली होती.

डॉक्टरांनी अन्न पूर्ण बंद केलं नाही. ते ताशी १५वर आणलं, म्हणजे निम्म्यावर. फॉस्फरस शिरेतून काही तासांत सावकाश दिलं, पोटॅशियम नळीतून, मॅग्नेशियमही भरलं. थायमिन चालूच ठेवलं. पाण्याची एकूण मात्रा मोजून ठेवली. संध्याकाळी पुन्हा रक्त, पुढच्या सकाळी पुन्हा. चौथ्या दिवशी फॉस्फरस २.३, पाचव्या दिवशी २.७ झालं. तेव्हा अन्न पुन्हा ६००वर, सातव्या दिवशी ८००, दहाव्या दिवशी १२०० कॅलरी, म्हणजे किलोमागे ३०. सूज उतरली तशी वजन ४०.३वर आलं. आता वाढ होईल ती खरी असेल, हे त्याच्या बायकोला कळलं होतं.

या प्रसंगात घरच्यांना एकच गोष्ट करता येण्यासारखी होती आणि ती महत्त्वाची आहे. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड येतं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम येत नाही. ते वेगळं सांगून करावं लागतं. धोक्यातल्या रुग्णाला अन्न सुरू करताना आणि पहिल्या आठवड्यात रोज या दोन्ही तपासण्या होताहेत का, हे नम्रपणे विचारावं. त्या जोडीला सूज, धाप, छातीत धडधड, अचानक गोंधळलेपणा, मुंग्या किंवा झटके दिसले तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून वाट पाहू नये.

शेतकरी नळीसह घरी जाईल. तेव्हा बहुतेक अपघात साध्याच गोष्टींवरून होतात. नळी सरकून श्वासमार्गात गेली तर अन्न फुप्फुसात जातं. नाकाजवळ नळीवर खूण करून ठेवावी आणि प्रत्येक वेळी ती जागेवर आहे का पाहावं. नळी नव्याने टाकल्यावर एक्स-रे किंवा ओढून काढलेल्या द्रवाची आम्लता कागदाने तपासणं विश्वासाचं आहे. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी असेल तर नळी जठरात असल्याचं मानतात. हवा सोडून पोटावर कान लावणं ही जुनी पद्धत फसवू शकते, कारण फुप्फुसात गेलेल्या नळीचाही आवाज पोटावर ऐकू येतो. अन्न देताना रुग्णाची पाठ ३० ते ४५ अंश उचललेली असावी आणि त्यानंतरही तासभर आडवं करू नये. खोकला, धाप, ओठ निळे पडणं यातलं काहीही दिसलं तर देणं लगेच थांबवावं. बेशुद्ध रुग्ण खोकणारच नाही, हेही ध्यानात असावं.

नळी तुंबू नये म्हणून प्रत्येक अन्नानंतर आणि औषधानंतर साधारण ३० मिलिलिटर पाणी ढकलावं. ते जोर लावून ढकलू नये, नळी फाटते. गोळ्या बारीक करून घालायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, कारण लांब काळ काम करणाऱ्या आणि आवरण असलेल्या गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणाम बिघडतो. जुलाब झाले की दोष अन्नावर येतो, पण कारण अनेकदा प्रतिजैविक किंवा गोड सिरप असतं.

आणि घरचं अन्न? डाळीचं पाणी म्हणजे ताकद, असं घरोघरी मानतात. पण वरचं गाळलेलं पाणी जवळजवळ पाणीच असतं, डाळ चाळणीत उरते. १२०० कॅलरी त्याने कधीच पुऱ्या पडत नाहीत. नाचणी सत्त्व, दूध, शिजवलेली डाळ, तेल हे सारं मिक्सरमधून काढून देता येतं, पण आहारतज्ज्ञाने मापून दिलेल्या प्रमाणात, बारीक गाळून आणि ताजं. तयार झालेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये. नळी किती बारीक आहे हेही पाहावं लागतं, कारण दाट अन्न बारीक नळीत अडकतं. शेतकऱ्याच्या बायकोने घरी जाताना सिस्टरकडून मापाचा ग्लास मागून घेतला आणि भिंतीवर कागद चिकटवला: वेळ, किती, किती पाणी, वजन. वजनाच्या रकान्यात ती आठवड्यातून दोनदा आकडा लिहिते आणि घोट्यावर बोट दाबून पाहते.